एक दिवस मोकळा, दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी ताप : मलेरियाच्या परजीवीला वेळ कशी कळते?

नोंदवही

माझ्या थोरल्या भावाला नुकताच मलेरिया होऊन गेला आणि आता तो पूर्ण बरा आहे, त्यामुळे हा धागा काळजीपोटी काढलेला नाही. मला घरात कोणी आजारी पडले की तापमान लिहून ठेवण्याची सवय आहे आणि त्या नोंदींनीच मला कोड्यात टाकले आहे.

पहिले चार दिवस तापाला काही ताळतंत्र नव्हते. रोज ताप होता, कधी सकाळी, कधी रात्री, १०१ ते १०२ च्या दरम्यान. तिसऱ्या दिवशी केलेली मलेरियाची किटची चाचणी नकारात्मक आली, म्हणून आम्ही साधा विषाणूचा ताप समजून थांबलो. पाचव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास दादाला अशी हुडहुडी भरली की अंगावर तीन पांघरुणे असूनही पलंग हलत होता. त्या वेळी पारा १०२ वर होता आणि चढतच होता, पण तो मात्र थंडी वाजते म्हणून पंखा बंद करायला सांगत होता. पुढे ताप १०४ पर्यंत गेला आणि रात्री नऊनंतर घामाने कपडे भिजून उतरला. सहाव्या दिवशी तो खणखणीत बरा होता. सातव्या दिवशी दुपारी पुन्हा तेच, आठवा दिवस मोकळा, नवव्या दिवशी पुन्हा तेच. नवव्या दिवशी रक्ताची काचपट्टी तपासली तेव्हा व्हायवॅक्स या जातीचा परजीवी सापडला.

परजीवी लाल पेशीत वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो आणि तेव्हा ताप येतो, एवढे मी वाचले आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. रक्तात असे कोट्यवधी परजीवी असतील, तर ते सगळे एकाच तासाला पेशी फोडून बाहेर पडायचे कसे ठरवतात? आणि ठरवतच असतील, तर पहिले चार दिवस तो गोंधळ का होता?

चिमटा

कोट्यवधी जण कोणतीही बैठक न घेता वेळेवर हजर राहतात, हे वाचून मला आमच्या कार्यालयाची लाज वाटली.

पाऊणशहाणा

याचे उत्तर सोपे आहे. मलेरियाचा परजीवी यकृतात राहतो. तो तेथून रक्तात उतरतो, पेशी फोडतो, ताप आणतो आणि शरीराचा मारा सुरू झाला की पुन्हा यकृतात जाऊन लपतो. मधला मोकळा दिवस हा त्याच्या लपण्याचा दिवस असतो. यकृतातून रक्तात येण्याच्या या फेरीला ४८ तास लागतात, म्हणून ताप एकाआड एक दिवस येतो.

काचपट्टी

पाऊणशहाणा, तुमच्या उत्तरातले ४८ तास बरोबर आहेत, पण मधल्या दिवशी परजीवी यकृतात असतो हे बरोबर नाही. मी वीस वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली रक्त बघत आले आहे. मोकळ्या दिवशी घेतलेल्या रक्तातही व्हायवॅक्सचे परजीवी असतात, फक्त त्यांचे वय वेगळे असते.

थंडी भरण्याच्या तासाभर आधी रक्त मिळाले, तर पट्टीवर परजीवीने गच्च भरलेल्या, नेहमीपेक्षा मोठ्या झालेल्या लाल पेशी दिसतात. आत सीताफळाच्या गरांसारखे पंधरा-सोळा दाणे दाटीवाटीने बसलेले असतात आणि मधोमध तपकिरी रंगद्रव्याचा एक ढेकूळ असतो. त्याच रुग्णाचे त्याच रात्रीचे रक्त पाहिले तर मोठ्या पेशी बहुतेक नाहीशा झालेल्या असतात आणि त्यांच्या जागी खड्याच्या अंगठीसारखे नाजूक, कोवळे परजीवी दिसतात. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ताप नसताना, त्याच अंगठ्या वाढून वेड्यावाकड्या पसरलेल्या असतात आणि पेशीवर बारीक गुलाबी ठिपके उमटलेले असतात. हे सगळे लाल पेशीच्या आतच चाललेले असते. मोकळा दिवस हा लपण्याचा नसून वाढण्याचा दिवस आहे, आणि पेशीच्या आत बंद असलेला परजीवी शरीराला फारसे चिथावत नाही, म्हणून रुग्णाला बरे वाटते.

पाऊणशहाणा

पण यकृत आणि मलेरिया यांचा संबंध तर आहेच ना? मग यकृताचे काम नेमके काय?

टिपणकार

यकृताचे काम एकदाच, अगदी सुरुवातीला असते, आणि ते कसे कळले त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे. १८८० मध्ये लाव्हेराँ यांनी अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात परजीवी पाहिला. १८८५-८६ च्या सुमारास इटलीत पाव्हिया येथे कामिल्लो गोल्जी यांनी रुग्णांचे रक्त वेगवेगळ्या वेळी तपासून दाखवले की परजीवी दाण्यांत विभागला जातो तीच थंडी भरण्याची वेळ असते. म्हणजे धागाकर्तीच्या प्रश्नातला पहिला अर्धा भाग सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच सुटला होता. गोंधळ दुसरीकडेच होता. डास चावल्यानंतर आठ-दहा दिवस रक्तात काहीच सापडत नसे, मग तेवढे दिवस परजीवी असतो कोठे?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियात केर्न्स येथे नील हॅमिल्टन फेअर्ली यांनी स्वयंसेवकांवर याचा शोध घेतला. संसर्गित डास चावलेल्या माणसाचे रक्त काढून ते दुसऱ्या निरोगी स्वयंसेवकाला द्यायचे आणि त्याला मलेरिया होतो का ते पाहायचे. डास चावल्यानंतर पहिल्या अर्ध्या तासात काढलेल्या रक्ताने मलेरिया होत असे. त्यानंतर काढलेले रक्त मात्र कित्येक दिवस निरुपद्रवी ठरे, आणि व्हायवॅक्सच्या बाबतीत साधारण आठव्या-नवव्या दिवसापासून ते पुन्हा बाधक होई. याचा अर्थ परजीवी अर्ध्या तासात रक्तातून कोठेतरी निघून जातो आणि आठवडाभराने परततो. ते ‘कोठेतरी’ म्हणजे यकृत, हे १९४८ मध्ये शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी प्रत्यक्ष दाखवले.

बिनआडनावी_डॉक्टर

टिपणकारांच्या प्रतिसादाला जोडून पाऊणशहाणा यांच्या शंकेचे उत्तर देतो. यकृतातून बाहेर पडलेला परजीवी घडणीनेच वेगळा असतो. तो लाल पेशीत शिरू शकतो, यकृताच्या पेशीत शिरू शकत नाही. यकृतात शिरण्याची कुवत फक्त डासाच्या लाळेतून आलेल्या अवस्थेत असते. याचा रोखठोक पुरावा रक्त चढवताना झालेल्या मलेरियात मिळतो. व्हायवॅक्सने बाधित रक्त चढवले गेले तर रुग्णाला एकाआड एक दिवस ताप येतो, पण त्याच्या यकृतात परजीवी कधीच नसतो आणि रक्तातला परजीवी मारला की आजार कायमचा संपतो. परजीवी दर दोन दिवसांनी यकृतात परतत असता, तर असे झालेच नसते.

सरळमार्गी

मला गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी बारीक ताप येतो. धागा वाचून असे वाटते की माझा ताप एकाआड नाही, त्यामुळे मला मलेरिया नाही. हे बरोबर आहे का? आणि दर दोन दिवसांनी ताप येणाऱ्याला डास दर दोन दिवसांनी चावत असतो का?

बिनआडनावी_डॉक्टर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. एकच चावा पुरतो आणि त्यानंतर डासाची गरज उरत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तरही ‘नाही’ असेच आहे, आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. तापाच्या वेळापत्रकावरून मलेरिया आहे किंवा नाही, असे ठरवू नये. तीन आठवडे ताप येण्याची कारणे कितीतरी असतात आणि ती येथे लिहून सुटणार नाहीत. कृपया उद्याच प्रत्यक्ष तपासून घ्या.

उत्तरायण

डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्याला माझा स्वतःचा दाखला देतो. मला फाल्सिपेरम या जातीचा मलेरिया झाला होता. पाच दिवसांत माझा ताप एकदाही पूर्ण उतरला नाही. कमी-जास्त होत असे, पण मोकळा दिवस असा नव्हताच. ‘थंडी वाजून एकाआड येतो तो मलेरिया, हे दुसरेच काहीतरी आहे’ असे मला दोन जाणत्या माणसांनी सांगितले आणि मी ते ऐकले. पाचव्या दिवशी मी असंबद्ध बोलू लागलो, तेव्हा घरच्यांनी उचलून नेले. नंतर कळले की फाल्सिपेरमचे रक्तातले चक्रही ४८ तासांचेच असते. मग माझ्या तापाला ते वेळापत्रक का नव्हते, हे मला आजतागायत कोणी समजावून सांगितलेले नाही.

काचपट्टी

उत्तरायण, तुमच्या रक्तात बहुधा वेगवेगळ्या वयाच्या अनेक तुकड्या एकाच वेळी होत्या. एक तुकडी सकाळी फुटते, दुसरी रात्री, तिसरी दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि एकीचा ताप उतरण्याआधी दुसरीचा चढतो. फाल्सिपेरममध्ये नव्या रुग्णात असेच अधिक वेळा दिसते.

त्याची आणखी एक खोड आहे. अंगठी वाढून मोठी झाली की परजीवी लाल पेशीच्या पृष्ठभागावर बारीक गाठी उभ्या करतो आणि त्यांच्या आधाराने ती पेशी लहान रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटते. तेथेच ती फुटते. त्यामुळे बोटातून काढलेल्या थेंबात आम्हाला बहुतेक फक्त अंगठ्या दिसतात आणि शरीरात खरे किती परजीवी आहेत याचा अंदाज कमी लागतो. मेंदूतल्या वाहिन्यांत ही चिकटाचिकटी झाली की तुमच्यासारखे असंबद्ध बोलणे सुरू होते. वेळापत्रक दिसण्याची वाट पाहणे फाल्सिपेरममध्ये जिवावर बेतते, ते यामुळे.

गणिती_भुंगा

मला आकडे बसवून पाहिल्याशिवाय काही समजत नाही, म्हणून नोंदवहीताईंच्या दादाचे गणित मांडून पाहतो. यातले गृहीतक चुकले तर काचपट्टीताईंनी सांगावे.

समजा डासाने सोडलेल्या परजीवींपैकी दहा जण यकृताच्या पेशींपर्यंत पोहोचले. व्हायवॅक्सचा एक परजीवी यकृताच्या एका पेशीत सुमारे आठ दिवसांत साधारण दहा हजार पिल्ले तयार करतो, असे धरतो. म्हणजे आठव्या दिवशी एक लाख परजीवी रक्तात उतरले. शरीरात पाच लिटर रक्त, म्हणजे पन्नास लाख मायक्रोलिटर. याचा अर्थ पन्नास मायक्रोलिटर रक्तात जेमतेम एक परजीवी. हा कोणत्याही सूक्ष्मदर्शकाला दिसणार नाही आणि याने तापही येणार नाही.

आता प्रत्येक फुटलेल्या पेशीतून सोळा परजीवी निघाले, पण त्यांतले काही वाया जाऊन दर ४८ तासांना दहापट वाढ झाली असे धरू. दहाव्या दिवशी पाच मायक्रोलिटरला एक, बाराव्या दिवशी एका मायक्रोलिटरला दोन, चौदाव्या दिवशी वीस. म्हणजे अंगात एकूण दहा कोटी. ताप येथेच कोठेतरी सुरू होत असावा, कारण डास चावल्यापासून साधारण दोन आठवड्यांनी ताप येतो असे सगळीकडे सांगतात. सोळाव्या दिवशी दोनशे.

माझ्या हिशेबाने तिसऱ्या दिवशीची चाचणी नकारात्मक येण्याचेही कारण हेच असावे.

काचपट्टी

हिशेब छान जमला आहे. किटच्या चाचणीला मायक्रोलिटरला शंभर-दोनशे परजीवी असले तर भरवशाने दिसतात, आणि दादांच्या तापाच्या तिसऱ्या दिवशी ते त्याच उंबरठ्यावर असणार. अशा वेळी एका नकारात्मक चाचणीवर न थांबता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त तपासायला हवे होते. जाड थेंबाच्या पट्टीवर आम्ही शंभर क्षेत्रे पाहतो, तेव्हा प्रत्यक्षात पाव मायक्रोलिटरपेक्षा जास्त रक्त बघितलेले नसते. मायक्रोलिटरला दोन परजीवी असताना मी डोळे फोडून पाहिले तरी मला एकही न सापडण्याचीच शक्यता अधिक.

फक्त एक दुरुस्ती सुचवते. व्हायवॅक्सची वाढ अशी दहापटीने चालूच राहत नाही. तो मुख्यतः नुकत्याच तयार झालेल्या कोवळ्या लाल पेशींतच शिरतो आणि त्या रक्तात शेकड्याने एक-दोनच असतात, त्यामुळे त्याची मजल लवकर खुंटते. फाल्सिपेरमला पेशीच्या वयाचे बंधन नसते.

नोंदवही

सर्वांचे आभार. भुंगेदादांच्या गणिताने पहिले दोन आठवडे समजले. पण माझा मूळ प्रश्न अजून तेथेच आहे. दहा कोटी परजीवी एकाच वेळी का फुटतात?

पाऊणशहाणा

ते एकाच वेळी यकृतातून बाहेर पडले, म्हणून पुढेही एकाच वेळी फुटतात. या वेळी माझे उत्तर पूर्ण बरोबर असावे.

गणिती_भुंगा

तसे असते तर ताप पहिल्या दिवसापासूनच एकाआड आला असता. दादांना पहिले चार दिवस रोज ताप होता. शिवाय प्रत्येक परजीवीचे चक्र बरोबर ४८ तासांचे असणे शक्य नाही. कोणाचे ४७, कोणाचे ४९. प्रत्येक फेरीत एक तासाचा फरक पडत गेला तर पाच-सहा फेऱ्यांत सगळे विखुरले जायला हवेत. येथे उलटे दिसते. सुरुवातीला विखुरलेले आहेत आणि नंतर एकत्र येतात. म्हणजे त्यांना रांगेत आणणारे काहीतरी बाहेरून काम करत आहे.

बिनआडनावी_डॉक्टर

भुंगेराव, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले. प्रयोगशाळेत फाल्सिपेरम भांड्यात वाढवतात, तेव्हा सगळे एका वयाचे हवे असतील तर सॉर्बिटॉलने मोठे परजीवी मारून फक्त अंगठ्या ठेवाव्या लागतात, आणि त्यानंतरही काही फेऱ्यांत ती शिस्त मोडते. माणसाच्या शरीरात मात्र व्हायवॅक्सची शिस्त वाढत जाते.

यामागचा एक संशयित खुद्द ताप आहे. आधी ताप कसा येतो ते थोडक्यात सांगतो. पेशी फुटली की दाण्यांबरोबर ते तपकिरी रंगद्रव्य आणि परजीवीचा इतर कचरा रक्तात सांडतो. आपल्या भक्षक पेशी तो गिळतात आणि टीएनएफसारखी रसायने सोडतात. ती रसायने मेंदूतल्या तापमानाच्या नियंत्रकाला ‘३७ नव्हे, ४० अंश ठेव’ असे सांगतात. शरीर ३९ अंशांवर असले तरी त्या नव्या हुकमाच्या मानाने ते थंडच असते, म्हणून दादा १०२ वर कुडकुडत होते. रसायने ओसरली की हुकूम मागे घेतला जातो आणि साठलेली उष्णता घामावाटे बाहेर टाकली जाते.

आता मुद्द्याची गोष्ट. १९८९ मध्ये डॉमिनिक क्वियाटकोव्स्की यांनी भांड्यातल्या फाल्सिपेरमला तापाइतक्या, म्हणजे ४० अंशांच्या, उष्णतेत ठेवून पाहिले. चक्राच्या पहिल्या २४ तासांतले परजीवी, म्हणजे अंगठ्या, ती उष्णता सोसतात. दुसऱ्या २४ तासांतले मोठे परजीवी मोठ्या प्रमाणात मरतात. पेशी फुटून ताप येतो तेव्हा त्या तुकडीची पिल्ले नुकतीच नव्या पेशींत शिरलेली, म्हणजे अंगठ्यांच्याच वयाची असतात. त्यांना आपल्या जन्माने आलेला ताप बाधत नाही. बाधतो तो मागे-पुढे राहिलेल्या इतरांना.

गणिती_भुंगा

थांबा, यात मला एक खोट दिसते. समजा ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन तुकड्या आहेत आणि त्या एकमेकींपासून २४ तासांनी फुटतात. ‘अ’ फुटली की तिचा ताप ‘ब’ला मारतो, कारण ‘ब’ तेव्हा २४ तासांची होऊन नाजूक वयात शिरत आहे. पण दुसऱ्या दिवशी ‘ब’ फुटेल तेव्हा तिचा ताप ‘अ’ला तसाच मारेल. दोघी एकमेकींना सारख्याच मारत राहतील आणि ताप कायम रोज येत राहील.

बिनआडनावी_डॉक्टर

दोघी बरोबरीच्या असतील तर अगदी तसेच होईल, आणि काही रुग्णांत रोजचा ताप बराच काळ टिकतो तो कदाचित यामुळेच. पण बरोबरी क्वचितच असते. तुमच्याच पद्धतीने पाहू. ‘अ’ मध्ये मायक्रोलिटरला शंभर परजीवी आहेत आणि ‘ब’ मध्ये वीस. ‘अ’ फुटली की १०४ ताप चढतो आणि काही तास टिकतो. समजा त्यात ‘ब’ निम्मी झाली, म्हणजे उरले दहा. दुसऱ्या दिवशी ‘ब’ फुटते, पण तिच्यामुळे १०१ च्या वर ताप जात नाही, आणि तेवढ्याने ‘अ’ला फारसे काही होत नाही. पुढच्या फेरीत ‘अ’ आणखी मोठी असते आणि ‘ब’ तिच्या मानाने आणखी लहान. दोन-तीन फेऱ्यांत ‘ब’ ताप आणण्याच्या उंबरठ्याखाली जाते आणि तो दिवस मोकळा होतो. निम्मी, वीस, शंभर हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, पण आधीच मोठी असलेली तुकडी आणखी मोठी होत जाते, एवढीच त्यातली मेख आहे.

दादांच्या पहिल्या चार दिवसांचा गोंधळ म्हणजे यकृताच्या वेगवेगळ्या पेशी वेगवेगळ्या वेळी फुटून तयार झालेल्या तुकड्या होत्या, असे मानायला जागा आहे.

चिमटा

म्हणजे जो मोठ्याने ओरडतो त्याचीच वेळ सर्वांना पाळावी लागते. मी कार्यालयाबद्दलचे माझे विधान मागे घेतो.

विनोद बाजूला ठेवून एक अनुभव सांगतो. मलाही व्हायवॅक्स झाला होता. ताप गेला म्हणून चौदा दिवसांच्या गोळ्या मी पाचव्याच दिवशी सोडल्या. चार महिन्यांनी पुन्हा ताप आला, आणि गंमत अशी की या वेळी सुरुवातीचा गोंधळ नव्हता. पहिल्या तापापासूनच एकाआड एक दिवस. हे तुमच्या तुकड्यांच्या हिशेबात बसते का?

बिनआडनावी_डॉक्टर

चिमटा, ही गंमत नव्हे, तुम्ही सोडलेल्या नऊ दिवसांच्या गोळ्यांची किंमत आहे. व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात शिरल्यावर वाढतच नाहीत. ते एकटे, न विभागता, महिनोन्महिने पडून राहतात. रक्तातल्या परजीवीला मारणारे औषध त्यांच्यापर्यंत पोहोचले तरी त्यांना मारत नाही. त्यांच्यासाठीच प्रिमाक्वीन चौदा दिवस देतात, आणि जी६पीडी नावाचे विकर शरीरात कमी असेल तर त्याच गोळीने लाल पेशी फुटतात, म्हणून आधी ती तपासणी करून घेतात. हे औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये आणि स्वतःच्या मनाने सोडूही नये.

तुमच्या प्रश्नाबद्दल माझा तर्क असा, की दुसऱ्या वेळी यकृतातला एखाद-दुसराच झोपलेला परजीवी जागा झाला असेल. मग तुकडी एकच, तिला स्पर्धक नाही, म्हणून पहिल्यापासून शिस्त. पण हा तर्कच आहे, तो मी ठामपणे सांगत नाही.

टिपणकार

एक छोटे विषयांतर. चरकसंहितेत याच तापांना ‘तृतीयक’ आणि ‘चतुर्थक’ अशी नावे आहेत. दोन दिवसांच्या तापाला ‘तृतीयक’ का म्हटले, असे अनेकांना वाटते. त्यात पहिल्या तापाचा दिवसही धरून मोजतात, म्हणून पुढचा ताप तिसऱ्या दिवशी येतो. युरोपातल्या जुन्या वैद्यांनीही अगदी असेच मोजले. ‘चतुर्थक’ म्हणजे ७२ तासांचा ताप, आणि तो मलेरिई या जातीच्या परजीवीचा असतो. येथे मला एक प्रश्न पडतो. नोलेसी या जातीचे चक्र २४ तासांचे, व्हायवॅक्सचे ४८, मलेरिईचे ७२. हे सगळे २४ च्याच पटीत कसे? तुकड्या तापाने एकमेकींना मारतात एवढेच कारण असते, तर एखाद्या जातीचे चक्र ३१ तासांचे का नाही?

काचपट्टी

हा प्रश्न तापाच्या सिद्धान्ताला खरोखरच अडचणीचा आहे. अलीकडे उंदरांच्या मलेरियावर झालेल्या प्रयोगांत उंदरांची खाण्याची वेळ रात्रीऐवजी दिवसा केली, तेव्हा परजीवीची फुटण्याची वेळही त्यानुसार सरकली. म्हणजे यजमान कधी खातो, त्याच्या रक्तातली साखर कधी चढते-उतरते, हे परजीवीला जाणवत असावे. त्यासाठी ताप लागत नाही.

बिनआडनावी_डॉक्टर

आणि २०२० मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी असे दाखवले की परजीवीचे जनुक ठरावीक लयीत चालू-बंद होतात आणि यजमानाचा इशारा नसतानाही ती लय काही काळ टिकते. म्हणजे त्याचे स्वतःचेही घड्याळ असावे. ते घड्याळ नेमक्या कोणत्या रेणूंचे बनले आहे आणि ते यजमानाच्या दिनक्रमाशी कसे जुळवले जाते, यावर अजून वाद आहे. माझे मत असे, की घड्याळ परजीवीचे, काटे जुळवणारा यजमानाचा दिनक्रम, आणि जे मागे राहतात त्यांची छाटणी करणारा ताप. पण काचपट्टीताई तापाला एवढे श्रेय देणार नाहीत, असे दिसते.

काचपट्टी

नाही देणार. १९८९ चा प्रयोग फाल्सिपेरमवर, भांड्यात झालेला आहे. आपण त्यावरून व्हायवॅक्सच्या रुग्णाबद्दल बोलत आहोत, आणि व्हायवॅक्स तर भांड्यात नीट वाढतच नाही, त्यामुळे तोच प्रयोग त्याच्यावर करून पाहणे अवघड आहे. शिवाय ताप एवढा प्रभावी असता, तर उत्तरायण यांच्या पाच दिवसांच्या सततच्या तापाने त्यांचा फाल्सिपेरम आधी रांगेत यायला हवा होता.

उत्तरायण

माझ्या आजाराचा कोणत्याही बाजूने पुरावा म्हणून उपयोग होतो आहे, हे वाचून बरे वाटले.

गणिती_भुंगा

नोंदवहीताई, तुमच्या वहीत थंडी भरण्याच्या नेमक्या वेळा आहेत का? ‘चारच्या सुमारास’ नको, मिनिटांसह हव्यात. चक्र खरोखरच ४८ तासांचे असेल तर वेळ हलता कामा नये.

नोंदवही

आहेत. पाचव्या दिवशी ४ वाजून १० मिनिटे, सातव्या दिवशी ३ वाजून ५० मिनिटे, नवव्या दिवशी ३ वाजून २५ मिनिटे. तुम्ही विचारेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते की वेळ दर फेरीला वीस-पंचवीस मिनिटांनी अलीकडे येत होती.

गणिती_भुंगा

म्हणजे दादांच्या परजीवीची फेरी ४७ तास ४० मिनिटांच्या आसपास होती. तो २४ तासांच्या दिनक्रमाला चिकटून नव्हता, हळूहळू अलीकडे सरकत होता. टिपणकारांच्या प्रश्नाला हा एक छोटा खोडा आहे, पण तीन नोंदींवरून मी यापुढे जाणार नाही.

बिनआडनावी_डॉक्टर

जुन्या वैद्यकात अशा अलीकडे सरकणाऱ्या आणि पलीकडे सरकणाऱ्या तापांची वर्णने आहेत. अकराव्या दिवसाची नोंद आहे का? त्या हिशेबाने तो तीनच्या सुमारास यायला हवा.

नोंदवही

नवव्या दिवशी रात्री औषध सुरू झाले होते. अकराव्या दिवशी अडीचपासून आम्ही सगळे दादाच्या पलंगाभोवती घड्याळ बघत बसलो होतो. तीन वाजून पाच मिनिटांनी तो म्हणाला की पाठीतून थोडी शिरशिरी गेली. पारा १००.४ वर जाऊन थांबला, हुडहुडी भरली नाही, आणि साडेचारला तो पाय मोकळे करायला बाहेर पडला.